अक्षता पडल्या की घाम का फुटतो?

लग्नात मंगलाष्टके चालू असतात तोवर घाबऱ्या माणसाला फारसा त्रास होत नाही. सगळ्यांची तोंडे अंतरपाटाकडे असतात, मुठीत अक्षता असतात आणि कोणी कोणाशी बोलण्याची अपेक्षाच नसते. शेवटचे 'सावधान' होते, टाळ्या वाजतात, वाजंत्री सुरू होते आणि कार्यालयातली पाचशे माणसे एकाच वेळी मागे वळून एकमेकांकडे पाहू लागतात. काहींच्या पोटात गोळा येतो तो नेमका इथे.

उदाहरण म्हणून खडकीतला सत्तावीस वर्षांचा एक तरुण धरू. हा कोणी एक माणूस नव्हे, पण असे अनेक जण आपल्या ओळखीत निघतील. वडील दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, बालपण रेंजहिल्सच्या क्वार्टरमध्ये गेलेले आणि आता चिंचवडला खासगी कंपनीत नोकरी. शेजारच्या काकांच्या मुलीचे लग्न आहे. मुहूर्त १२ वाजून २६ मिनिटांचा. अक्षता टाकून तो वळतो तोच एक गृहस्थ खांद्यावर हात ठेवून विचारतात, 'काय रे, ओळखलंस का?'

मराठी समारंभातला हा सर्वांत अवघड प्रश्न असावा. 'हो' म्हटले तर 'सांग बरं कोण?' येणार आणि 'नाही' म्हटले तर 'विसरलास ना, मोठा झालास' येणार. तो हसतो, 'हो काका' म्हणतो आणि पुढच्या प्रश्नाच्या आत बुफेच्या रांगेकडे सरकतो. हातात ताट येते, पण बसायला जागा नसते. खांबाला टेकून तो मोबाइल काढतो. शर्ट पाठीला चिकटल्याची जाणीव होते आणि वाटते की सगळ्यांना हे दिसत असणार. पावणेदोनला तो ताट अर्धवट ठेवून पार्किंगच्या बाजूच्या दाराने बाहेर पडतो. खडकी बाजारापर्यंत पोहोचता पोहोचता छाती हलकी होते. तीन वाजता आईचा फोन येतो, 'अरे, कुठे आहेस? काका दोनदा विचारून गेले. जेवलास तरी का?' रात्री अकरापर्यंत तो दुपारचे ते वीस मिनिटांचे चित्र मनात पुन्हा पुन्हा चालवत राहतो.

खडकीसारख्या वस्तीत हे जरा अधिकच अवघड जाते, असे मला वाटते. कॅन्टोन्मेंट आणि कारखान्यांच्या वसाहतींत वडिलांचा सहकारी हाच शेजारी असतो, त्याचा मुलगा आपल्या वर्गात असतो आणि त्याची बायको आईच्या भिशीत असते. शहरातल्या मोठ्या रिसेप्शनमध्ये गर्दीत हरवून जाता येते. इथे परका म्हणावा असा माणूसच सापडत नाही, त्यामुळे जे घडले ते संध्याकाळपर्यंत घरी पोहोचणार अशी भीती अगदीच निराधार नसते.

त्या खांबापाशी नेमके काय होते?

या त्रासाला मानसशास्त्रात सोशल अँग्झायटी म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये 'सोशल फोबिया' या नावाने त्याची स्वतंत्र नोंद झाली. पण तो टिकून का राहतो, याचे मला सर्वांत पटणारे स्पष्टीकरण डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडले. त्यांचा प्रश्न साधा होता. हा माणूस वर्षानुवर्षे लोकांत जातो, फारसे वाईट काही घडत नाही, तरी भीती कमी का होत नाही?

त्यांचे उत्तर असे की घाबरलेला माणूस समारंभात असतो, पण समारंभाकडे पाहत नसतो. त्याचे सगळे लक्ष स्वतःकडे वळलेले असते. आवाज कापतोय का, हात थरथरतोय का, तोंड लाल झालेय का, याची तपासणी आत चालू असते. आणि आतून जे जाणवते त्यावरूनच तो बाहेरून आपण कसे दिसत असू याचे चित्र रंगवतो. घाम जाणवला म्हणजे घाम दिसला, धडधड जाणवली म्हणजे ती समोरच्याला कळली. समोरच्या काकांचा चेहरा प्रत्यक्षात काय सांगतोय, हे पाहायला लक्ष उरतच नाही. म्हणून 'काही वाईट घडले नाही' हा पुरावा समोर असूनही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट बचावाच्या युक्त्यांची. खांबाला टेकणे, मोबाइलमध्ये डोके घालणे, प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मग बोलणे, एका शब्दात उत्तर देणे, उन्हाळ्यातही जाकीट न काढणे म्हणजे घाम दिसणार नाही. यांचा तोटा दुहेरी आहे. लग्न निभावले तर श्रेय युक्तीला जाते, 'जाकीट होतं म्हणून वाचलो' असे वाटते. आणि समोरच्याला दिसतो तो वेगळाच माणूस. मोबाइलकडे बघत 'हो', 'ठीक', 'चाललंय' अशी उत्तरे देणारा मुलगा घाबरलेला वाटत नाही, शिष्ट वाटतो. आपल्याकडे कित्येक भित्र्या माणसांवर 'फार शिष्ट आहे हो' हा शिक्का असाच बसलेला आहे. हळदीच्या रात्री मित्रांबरोबर 'थोडी घेतली की बोलता येतं' हीदेखील याच जातीची युक्ती, फक्त तिची किंमत पुढे बरीच जास्त मोजावी लागते.

लोकांना आपण किती दिसतो, याचा अंदाजही बहुतेकांचा चुकतो, नुसत्या घाबऱ्यांचा नव्हे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी यावर एक गमतीदार प्रयोग केला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला त्या काळी थट्टेचा विषय असलेल्या गायकाचे मोठे चित्र असलेला टी शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवायचे आणि मग विचारायचे, किती जणांच्या हे लक्षात आले असेल? घालणाऱ्यांचा अंदाज सुमारे निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी तो पाहिला होता. लग्नात तर उरलेल्यांना स्वतःची साडी, स्वतःचा मुलगा आणि गुलाबजाम संपतील की काय ही काळजी असते.

मग लवकर निघाले तर बिघडले कुठे?

माझ्या मते लवकर निघण्यात काहीच बिघडत नाही. केव्हा आणि कसे निघालो, यात बिघडते.

आपला तरुण निघाला तो भीती टिपेला असताना. बाजारापर्यंत येताना जो सुटकेचा श्वास आला, तो शरीराला मिळालेला धडा होता: तिथे धोका होता आणि पळालो म्हणून वाचलो. पुढच्या लग्नाची पत्रिका आली की हा धडा आठवतो आणि भीती अक्षतांच्या आधीच, घरी इस्त्री करतानाच सुरू होते. त्याच्या पुढच्या लग्नाला तो दीड वाजता निघतो, त्यानंतरच्याला फक्त पाकीट पाठवतो. तो वीस मिनिटे आणखी थांबला असता तर काय घडले असते, हे त्याला कधीच कळत नाही. उपचारात नेमके हेच कळणे महत्त्वाचे असते. भीती पूर्ण शमली पाहिजे असा आग्रह आता फारसा धरला जात नाही. जे घडेल म्हणून घाबरलो ते घडले का, याचे उत्तर हाती येईपर्यंत थांबलो का, हे पाहिले जाते.

अल्बर्ट एलिस हे नाव महाराष्ट्रात बऱ्याच वाचकांना परिचित आहे, त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे चांगली रुजली. तरुणपणी ते स्वतः मुलींशी बोलायला कमालीचे घाबरत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी ठरवून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रियांशी बोलायचा प्रयत्न केला. त्यांनीच सांगितलेला हिशेब असा: १३० जणींशी बोलायला गेले, ३० जणी लगेच उठून गेल्या, १०० जणी बोलल्या. भेटायला यायचे एकीने कबूल केले आणि ती आली नाही. (आजच्या बागेत हा प्रयोग कोणी करू नये, त्या बिचाऱ्या तीस जणींचीही बाजू आहेच.) भेट एकही पदरात पडली नाही, पण ज्याची भीती होती तेही घडले नाही. कोणी आरडाओरडा केला नाही, कोणी पोलीस बोलावले नाहीत. भीती गेली ती या हिशेबाने.

अपराधीपण कशाचे?

रात्री अकराला मनात चाललेल्या त्या चित्रपटाचाही उपचारात विचार केलेला आहे. प्रसंग संपल्यावर तो मनात पुन्हा पुन्हा तपासणे हा या त्रासाचाच भाग मानतात. अडचण अशी की तपासणीसाठी कच्चा माल तोच असतो, आतून रंगवलेले चित्र. त्यामुळे प्रत्येक फेरीत आपण अधिक बावळट दिसू लागतो.

पण आपल्याकडच्या अपराधीपणात आणखी एक धागा मिसळलेला असतो आणि तो खोटा नाही. लग्नघरच्या माणसाला आपण न सांगता, न जेवता गेलो हे लागते. मराठी घरांत मानपानावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेला आहे, ही काही कल्पना नाही. म्हणून 'लोक काय म्हणतील याचा विचारच सोडून द्या' हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. दोन गोष्टी वेगळ्या केल्या तर मात्र हायसे वाटते. 'सगळ्यांनी मला पाहिले आणि नावे ठेवली' या काल्पनिक निकालाची भरपाई कशानेच होत नाही. 'काकांना न भेटता आलो' हे खरे देणे आहे, आणि ते फार लहान आहे. यजमानांना भेटणे, वधूवरांच्या हातात आहेर देणे, दोन घास खाणे आणि सांगून निघणे, एवढ्यात ते फिटते.

सांगून निघण्यासाठी आपल्या भाषेत तर तयार शब्द आहे. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'बरंय काका, येतो' या तीन शब्दांना कारण जोडावे लागत नाही. घाबरा माणूस इथेच चुकतो. तो कारण रचतो, कंपनीत कॉल आहे, पोट बिघडले आहे, आणि मग खोटे पकडले जाण्याची नवी भीती घेऊन घरी येतो.

संभाषण संपवताना अवघडणे हे काही आजाराचे लक्षणही नाही. अॅडम मास्ट्रोइयानी आणि सहकाऱ्यांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की दोघांनाही हवे तेव्हाच संभाषण संपले, असे जवळजवळ कधीच घडत नाही. कोणाला आधी निघायचे असते, कोणाला अजून बोलायचे असते, आणि दोघेही ते लपवतात. 'ओळखलंस का' विचारणारे काकाही कदाचित तुमच्यातून सुटून जिलेबीकडे जायला पाहत असतील.

पंगत गेली आणि काम गेले

इथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते, शास्त्र म्हणून नव्हे. पंगतीच्या लग्नात बुजऱ्या माणसाला दोन आधार होते. जेवायला बसला तर जागा ठरलेली, शेजार ठरलेला, नजर पानावर, आणि बोलायला विषय वाढप्याबरोबर चालत येई. बसला नाही तर हातात मठ्ठ्याचे भांडे घेऊन त्याला रांगेत सोडता येई. 'घ्या ना, अर्धी वाटी' या एका वाक्यावर तो शंभर जणांना भेटे. केटरर आला आणि घरच्या पोरांचे काम गेले, बुफे आला आणि जागा गेली. आता ताट हातात धरून, न ठरलेल्या माणसाशी, न ठरलेल्या विषयावर, उभ्याने बोलायचे असते. घाबऱ्या माणसासाठी याहून कठीण मांडणी शोधून सापडणार नाही. पंगतीला जातीपातीचे आणि मानापमानाचे आपले दुखणे होते, ती परत आणा असे म्हणायचे नाही. पण लग्नघरच्यांनी अशा भाच्याला 'बोल की सगळ्यांशी' म्हणण्याऐवजी आहेराची वही किंवा पाहुण्यांना पाणी द्यायचे काम सोपवले तर त्याला आत शिरायला दार मिळते. दिवसभर तो त्या वहीत डोके घालूनच बसला तर मात्र ती वही मोबाइलसारखीच लपायची जागा झाली असे समजावे.

आणि घरच्यांची एक सवय सुटायला हवी. आई प्रेमापोटी मुलाच्या वतीने उत्तर देते, 'तो जरा दमलाय', 'त्याला नाही आवडत गर्दी'. त्या क्षणी सुटका होते, पण 'हे तुला जमणार नाही' असेही त्यात सांगितले जाते. उलट टोकाला, हात धरून स्टेजवर ओढत नेणाऱ्या आत्याबाईही काही शिकवत नाहीत, कारण त्यात त्याने स्वतः काही ठरवलेले नसते.

हे कसे सोडवतात?

आपल्या तरुणाचेच पुढे पाहू. उपचार करणारा मानसशास्त्रज्ञ त्याला एकदम लग्नात ढकलणार नाही. आधी सोपा प्रसंग निवडेल, समजा वसाहतीतला बारसे, चाळीस माणसांचा. जाण्यापूर्वी एका कागदावर लिहायचे: काय घडेल असे वाटते? 'मी अडखळेन. मावशी विचारतील, बरं नाही का? सगळे बघतील.' हे जितके नेमके तितके उपयोगी, कारण 'वाईट होईल' हे तपासता येत नाही, 'मावशी विचारतील' हे तपासता येते. मग एकच युक्ती सोडायची, मोबाइल खिशात. आणि लक्ष ठरवून बाहेर न्यायचे. पाळणा कसा सजवलाय, काकांचा चष्मा नवा आहे का, मावशी नेमके काय म्हणताहेत. घरी आल्यावर त्याच कागदावर फक्त दिसलेले आणि ऐकलेले लिहायचे, वाटलेले नाही. 'अडखळलो एकदा. मावशींनी नोकरीचं विचारलं आणि मग स्वतःच्या गुडघ्यांबद्दल दहा मिनिटं बोलल्या.'

या उपचारातला एक भाग लग्नाच्या बाबतीत आयता मिळतो, तो म्हणजे चित्रफीत. क्लार्क यांच्या पद्धतीत रुग्णाचे संभाषण चित्रित करतात, आपण कसे दिसलो असू ते त्याला आधी लिहायला लावतात आणि मग एखाद्या परक्या माणसाकडे पाहावे तसे स्वतःकडे पाहायला सांगतात. लग्नाच्या व्हिडिओत तुम्ही चार सेकंद दिसता. त्या चार सेकंदांत घाम शोधून पाहावा. बहुतेकदा दिसतो तो ताट धरून उभा असलेला एक साधा माणूस.

ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी हाच वैयक्तिक उपचार प्रथम सुचवला आहे, साधारण चार महिन्यांत दीड दीड तासाची १४ पर्यंत सत्रे. औषधेही आहेत, ती मानसोपचारतज्ज्ञानेच द्यायची असतात आणि परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. लग्नाच्या सकाळी मित्राने दिलेली गोळी घेणे हा वेगळाच धोका आहे.

हे सगळ्यांना लागतेच असे नाही. गर्दीचा कंटाळा असणे, तासाभरात निघावेसे वाटणे हा स्वभाव आहे. आणि काही वेळा दोष प्रश्न विचारणाऱ्याचा असतो. नुकता घटस्फोट झालेल्या बाईला किंवा मूल होत नसलेल्या जोडप्याला सगळ्यांदेखत 'काही बातमी?' विचारले आणि ते उठून गेले, तर उपचाराची गरज त्यांना नाही. पण भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली, चारचौघांत जेवता येईनासे झाले, फोन उचलणे टळू लागले, बढतीत लोकांशी बोलावे लागेल म्हणून ती नाकारली, तर थांबू नये. हा त्रास बहुधा किशोरवयातच सुरू होतो आणि 'लाजाळू आहे' म्हणण्यात दहा वर्षे निघून जातात. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, नदीपलीकडे येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पुण्यात 'येरवड्याला पाठवा' या थट्टेने किती जणांची वाट अडवली असेल कोण जाणे. तिथवर जायचे धाडस नसेल तर ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. अनोळखी माणसाला फोन करणे हीच ज्याची भीती आहे, त्याने घरच्या कोणाला तरी क्रमांक लावून द्यायला सांगावे आणि बोलावे मात्र स्वतः.

बारशानंतर आपल्या तरुणाने एक साखरपुडा केला आणि मग पुढच्या लग्नाला तो निघण्याची वेळ ठरवूनच गेला, सव्वादोन. 'ओळखलंस का?' या वेळीही आलेच. तो म्हणाला, 'चेहरा ओळखीचा आहे काका, नाव आठवत नाही.' काकांनी नाव सांगितले, वडिलांबरोबरची नाइट शिफ्ट सांगितली आणि ते त्यातच रमले. दीडच्या सुमाराला छाती धडधडली तेव्हा तो जागचा हलला नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी यजमानांना गाठून म्हणाला, 'येतो काका.' ते म्हणाले, 'अरे, मठ्ठा घेतलास का?' घेतला नव्हता. तो परत वळला, मठ्ठा प्यायला आणि पुढच्या दाराने निघाला.